स्टोरीबोर्डच्या फ्रेम्स: दर शॉटला खोली फिरतेय आणि सासूबाई बदलतायत

लालबागची_पोर

नमस्कार मंडळी, जरा अडलंय. ३० सेकंदांची अ‍ॅड फिल्म आहे, मालवणी मसाल्याची, क्लायंट घरगुती धंदेवाला आहे त्यामुळे बजेट तुम्ही समजून घ्या. शूट लालबागलाच एका चाळीतल्या खोलीत होणारे. डायरेक्टरला १० फ्रेम्सचा बोर्ड हवाय, आणि आर्टिस्ट परवडत नाही म्हणून इमेज जनरेटरवर काढ असं मला सांगितलंय, मी असिस्टंट.

स्टोरी एवढीच, की पावसाळी संध्याकाळ आहे, सासू ओट्यापाशी कालवण करतेय, सून लोकलने भिजत घरी येते, दारात छत्री झटकते, तिला वास येतो, दोघींची समोरासमोर दोन वाक्यं, पाकिटाचा क्लोजअप, कढईतली उकळी, शेवटी दोघी ताटावर.

पहिल्या तीन फ्रेम्स मस्त आल्या. चौथी रिव्हर्स आहे, म्हणजे ओट्याकडून दाराकडे बघायचं, तर तिथे सुनेच्या मागे परत खिडकीच आली! दार गायब. डब्यांची मांडणी डावीकडे होती ती डावीकडेच राहिली, म्हणजे उलट बाजूच्या भिंतीवर गेली ना ती. पाचव्या फ्रेमला सासूच्या साडीचा काठ पिवळ्याचा हिरवा. सहावीत सून खडखडीत कोरडी. खोलीचं वर्णन मी प्रत्येक प्रॉम्प्टमध्ये अक्षर न अक्षर तेच पेस्ट करतेय, तरी असं का होतंय?

बोरिवली_फास्ट

सीड लॉक कर, विषय संपला. पहिली फ्रेम आवडली तिचा `--seed` नंबर काढायचा आणि पुढच्या सगळ्यांना तोच टाकायचा. मी प्रॉडक्टच्या फोटोंना हेच करतो, एकदम सेम टू सेम येतं.

लालबागची_पोर

केलं ना ते. थोडं सारखं आलं पण चेहरा दुसराच.

आबा_मुलुंडकर

आमच्या मंडळाच्या देखाव्याची फिल्म पुतण्याने अशीच काढली होती, बाप्पाला एका फ्रेममध्ये सोंड डावीकडे आणि दुसऱ्यात उजवीकडे. अध्यक्ष जे भडकले! तुम्ही सरळ व्हिडीओच का करत नाही? हल्ली फोटो टाकला की हलतो म्हणे.

कंटिन्युटीवाली

सीरियल आणि अ‍ॅडच्या सेटवर बरीच वर्षं कंटिन्युटी बघितलीये, आता गेली काही वर्षं बोर्डसुद्धा करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बोरिवली_फास्ट, तुमचं अर्धं बरोबर आहे. सीड म्हणजे चित्र ज्या दाणेदार गोंधळातून सुरू होतं त्याचा नंबर. प्रॉम्प्ट तोच आणि सीड तोच असेल तर जवळपास तेच चित्र परत येतं, तुमच्या प्रॉडक्टला पार्श्वभूमीचा एखादा शब्दच बदलत असेल म्हणून ते जमून जातं. इथे प्रत्येक फ्रेमला कॅमेराच बदलतोय. वाक्य बदललं की त्याच गोंधळातून वेगळी बाई निघते, कारण सीडमध्ये कुणाचा चेहरा साठवलेला नसतो.

आता पोरी, तुझा घोळ नेमका पेस्ट करण्यातच आहे. मॉडेलला खोली माहीत नाही. त्याला फक्त एक सपाट चौकट माहीत आहे. तू लिहिलंस "मांडणी डावीकडे", त्याने चौकटीच्या डावीकडे मांडणी काढली, त्याचं काम झालं. कॅमेरा फिरला की खोलीची डावी बाजू चौकटीच्या उजवीकडे जाते, हा हिशोब तुला करायचाय, तो करणार नाही. म्हणून खोलीचं वर्णन एक नाही, दोन लिहायची. एक दारातून ओट्याकडे बघतानाचं, त्याला अ म्हण. दुसरं ओट्याकडून दाराकडे, ते ब.

अ असं:

```
small Mumbai chawl room, pale green oil-painted walls,
black stone kitchen platform along the back wall,
barred window above it, rack of steel tins at frame left,
washing corner with tap at frame right
```

आणि ब:

```
small Mumbai chawl room, pale green oil-painted walls,
open wooden door in the back wall, railed gallery and rain beyond,
rack of steel tins at frame right, no furniture in front
```

बघ, ब मध्ये खिडकी हा शब्दच नाही. शब्द लिहिला की वस्तू येते. "खिडकी दिसायला नको" असं लिहिलंस तरी बऱ्याचदा खिडकीच येते. खरं तर मी वर शेवटी `no furniture` लिहिलंय ते पण काढून टाक, सवयीने आलं.

लालबागची_पोर

अय्या ताई, हे तर डोक्यातच आलं नव्हतं की मीच त्याला खिडकी सांगतेय. पण मग अ आणि ब मधली खोली एकच वाटेल कशी? भिंतीचा हिरवा एका फ्रेममध्ये पोपटी आला आणि दुसऱ्यात शेवाळी तर?

पेन्सिल४बी

यासाठीच आधी हाताने काढावं माणसाने. मी जे.जे.चा, गेली पंधरा-वीस वर्षं एजन्सीजना बोर्ड काढून देतोय आणि आता हे बघून वैताग येतो, पण असो. आधी वरून नकाशा काढ. कागदावर चौकोन, एका बाजूला ओटा, समोर दार, एका भिंतीला मांडणी, एका कोपऱ्यात मोरी. त्यावर सासू म्हणजे एक गोल, सून म्हणजे दुसरा गोल, आणि दोघींना जोडणारी रेघ. आता सगळे कॅमेरे त्या रेघेच्या एकाच बाजूला ठेव. मोरीच्या बाजूला ठेव, कारण मांडणीच्या बाजूला खऱ्या खोलीत कॅमेरा मावणारच नाही, तिथे ट्रायपॉड लावलास तर डबे डोक्यात पडतील.

हे केलंस की गणित आपोआप सुटतं. दारापाशी, सुनेच्या खांद्यामागून बघशील तर सून पुढे डावीकडे, सासू पलीकडे उजवीकडे आणि ती बघतेय डावीकडे. ओट्यापाशी, सासूच्या खांद्यामागून बघशील तर सासू पुढे उजवीकडे, सून पलीकडे डावीकडे आणि बघतेय उजवीकडे. म्हणजे कॅमेरा कुठेही गेला तरी सून चौकटीच्या डाव्या अंगाला आणि सासू उजव्या अंगाला. हे पाळलं नाहीस तर एडिटला दोघी एकाच दिशेला बघताना दिसतील, जणू तिसऱ्याच कुणाशी बोलतायत.

आता लक्षात ठेव, खोली उलटते पण बायका उलटत नाहीत. मांडणी अ मध्ये डावीकडे, ब मध्ये उजवीकडे. सून मात्र दोन्हीत डावीकडे. इथेच सगळे गंडतात, मशीन पण आणि नवे डायरेक्टर पण.

बोरिवली_फास्ट

मग सोप्पंय की, बाई चुकीच्या बाजूला आली तर फोटो फ्लिप मारायचा. दोन सेकंदांचं काम.

कंटिन्युटीवाली

फ्लिप मारा आणि सासूचा पदर बघा. नेहमीच्या साडीत पदर डाव्या खांद्यावर असतो. फ्लिप केलं की उजव्या खांद्यावर जातो आणि लालबागची सासू क्षणात गुजराती होते. शिवाय भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे उलटे, आणि मांडणी परत भलत्या भिंतीवर. रिकाम्या भिंतीपुढचा क्लोजअप असेल तर कधीमधी चालून जातं, तेही पदर चौकटीत नसेल तर.

आणि हा पदर तपासणीला फार कामाचा आहे. सासू कॅमेऱ्याकडे तोंड करून असेल तर तिचा डावा खांदा तुमच्या उजव्या हाताला दिसायला हवा. पाठमोरी असेल तर तुमच्या डाव्या हाताला. मॉडेल डावं-उजवं बऱ्याचदा चुकवतं, माणसाचं डावं की चौकटीचं डावं हे त्याला कळत नाही, म्हणून प्रॉम्प्टमध्ये लिहून भागत नाही, प्रत्येक फ्रेम आली की आधी पदर बघायचा आणि मग बाकी.

रंगाचं विचारलंस ना. दोन्ही खोल्या आधी माणसांशिवाय काढ. रिकामी अ आणि रिकामी ब. त्यातही शब्दांवर विसंबू नकोस. शूट खऱ्या खोलीतच आहे ना? मग जा तिथे फोन घेऊन, दारात उभी राहून एक फोटो काढ, ओट्याला पाठ लावून दुसरा, दोन्ही छातीच्या उंचीवरून आणि फोन आडवा. त्या दोन फोटोंवरून रिकाम्या फ्रेम्स बनव. यालाच मी मास्टर म्हणते. पुढची प्रत्येक फ्रेम या दोनपैकी एकीतूनच जन्माला यायची, आधीच्या फ्रेममधून नाही.

लालबागची_पोर

हे शेवटचं नीट कळलं नाही. मी तर चॅटमध्ये "आता याच बाईला वळव", "आता जवळून दाखव" असं एकातून दुसरं करत जात होते.

कंटिन्युटीवाली

तेच तर. एडिटवर एडिट केलं की प्रत्येक वेळी चित्र थोडं घसरतं. एकदम कळत नाही. दोन पायऱ्यांनंतर काठ जरा जाड, अजून पुढे गेलं की नाक जरा सरळ, कातडी मेणासारखी गुळगुळीत. लागोपाठच्या दोन फ्रेम्स शेजारी ठेवल्या तर ठीकच वाटतात, पहिली आणि सातवी शेजारी ठेव म्हणजे दिसेल. म्हणून सासूचं एक ठरलेलं चित्र, समोरून, कमरेपर्यंत, साध्या पार्श्वभूमीवर. सुनेचं तसंच. आणि दर फ्रेमला सुरुवात तिथूनच, मास्टर खोली अधिक ही चित्रं अधिक या शॉटची एक ओळ.

"तीच बाई", "आधीसारखीच" हे शब्द नवीन प्रॉम्प्टमध्ये निरर्थक आहेत. चित्र जोडलेलं नसेल तर त्याला आधीचं काही आठवत नाही. मिडजर्नीवर असशील तर व्हर्जन ७ मध्ये `--oref` ने चित्र जोडतात आणि `--ow` ने त्याचं वजन ठरतं, डीफॉल्ट १०० असतं. तिथे एकच चित्र जोडता येतं, म्हणून दोघी असलेल्या फ्रेमसाठी दोघींना शेजारी उभं केलेलं एक चित्र आधी बनवून ठेव आणि प्रॉम्प्टमध्ये दोघींचं वर्णन लिही.

चहाबिस्कीट_वांद्रे

क्लायंट सर्व्हिसिंगवाली बोलतेय. कृपा करून एवढे गुळगुळीत फोटोसारखे बोर्ड क्लायंटला दाखवू नका. आमच्याकडे एका क्लायंटने बोर्डातल्या बाईवरच जीव लावला, ऑडिशनला आलेल्या प्रत्येकीला "पण ती चित्रातल्यासारखी नाही". ती बाई अस्तित्वातच नाही हो!

पेन्सिल४बी

हेच मी सांगून सांगून थकलो. बोर्ड म्हणजे शॉट कसा लागणार एवढंच. चेहरा कशाला हवाय?

लालबागची_पोर

पण डायरेक्टरलाच फोटोसारखं हवंय, म्हणतो क्लायंटला स्केच कळत नाही.

चहाबिस्कीट_वांद्रे

स्टाईलमध्ये शाई आणि पातळ करडा वॉश टाक. फोटोपासून दूर जातं आणि चेहऱ्याच्या बारीकसारीक फरकांवर पांघरूण पण पडतं.

कंटिन्युटीवाली

हे चांगलं सांगितलंस. फक्त रंग पूर्ण घालवू नका, साडीचा मरून आणि सुनेच्या कुर्त्याचा रंग ठेवा, कोण कुठे आहे ते छोट्या फ्रेममध्ये रंगानेच ओळखू येतं. आणि संदर्भचित्र फोटो आणि फ्रेम शाईची असेल तर `--ow` जरा खाली आण, नाहीतर ते फोटोकडेच ओढत राहतं. मी तर सासू-सुनेची चित्रंच आधी शाईत करून घेते.

लालबागची_पोर

ताई, अजून एक. सासूचा क्लोजअप मागितला की मिड शॉटच येतोय. "extreme close-up" लिहून झालं, `85mm` लिहून झालं, तरी ओटा, डबे, खिडकी सगळं दिसेल इतका लांबच उभा राहतो.

कंटिन्युटीवाली

तू क्लोजअपला पण खोलीचा अख्खा परिच्छेद टाकतेयस, बरोबर? बारा वस्तू सांगितल्यास, तो बारा वस्तू दाखवायला मागे सरकतो. साडीचा काठ, बांगड्या, पायातल्या जोडव्या लिहिल्यास तर पायापर्यंतचं अंग दाखवणारच. चौकटीत जे दिसणार तेवढंच लिहायचं. सासूच्या क्लोजअपला केस, कपाळ, कुंकू, मागे अस्पष्ट हिरवी भिंत, आणि उजेड कुठून येतो ते. बस.

```
close-up, woman of about 58, round face, grey hair in a low bun,
large red kumkum, looking toward frame left,
soft rainy daylight from behind, blurred pale green wall
```

उजेड मागून, कारण खिडकी ओट्यावर आहे आणि सासू आता दाराकडे वळलीये. हाच शॉट ट्यूबलाइटच्या उजेडात आला तर बाकीच्या फ्रेम्समध्ये तो बसणार नाही. सुनेच्या क्लोजअपला उलट, खिडकीचा उजेड तिच्या तोंडावर पडेल आणि पाठीमागून गॅलरीचा राखाडी. तुझ्या डीओपीला, म्हणजे कॅमेरामनला, हे वाचून बरं वाटेल.

आणि बांगड्यांचा आकडा लिहू नकोस. सहा म्हटलंस तरी कधी चार कधी नऊ. "हिरव्या काचेच्या बांगड्या, दोन्ही हातात" एवढं पुरे, बोर्डात कुणी मोजत नाही, शूटला मोजू.

आबा_मुलुंडकर

हे सगळं ठीक, पण ती सून कोरडी का झाली ते राहिलंच की. आमच्या बाप्पाच्या सोंडेचं पण तसंच.

कंटिन्युटीवाली

आबा, तुमची सोंड डाव्या-उजव्याचा प्रश्न, पदरासारखाच. आधी एक चित्र पक्कं करा आणि तेच जोडत राहा. पण सुनेचं तुम्ही बरोबर पकडलंत.

माणसाचं वर्णन दोन भागांत तोडायचं. जे दहाही फ्रेम्समध्ये बदलत नाही ते एक, म्हणजे चेहरा, वय, कुर्ता. आणि जे गोष्टीनुसार बदलतं ते दुसरं. सुनेचं संदर्भचित्र कोरडं आहे, त्यामुळे काही लिहिलं नाही तर ती कोरडीच येणार. सेटवर आम्ही हेच वहीत लिहितो. या फिल्मचं साधारण असं होईल बघ: दुसऱ्या फ्रेममध्ये गॅलरीत छत्री उघडी, केस कपाळाला चिकटलेले, कुर्ता खांद्यावर गडद. तिसरीत छत्री मिटलेली आणि डाव्या हातात, तिच्यातून पाणी टपकतंय. चौथीपासून छत्री दाराला टेकवलेली, म्हणजे ब खोलीत आता दाराशी एक मिटलेली छत्री कायमची आली, ती पुढच्या प्रत्येक ब फ्रेममध्ये लिहायची. केस ओलेच. शेवटच्या ताटाच्या फ्रेममध्ये वेळ उलटून गेलाय, तिथे केस टॉवेलने पुसलेले, कुर्ता बदललेला की तोच, हे डायरेक्टरला आत्ताच विचार.

सासूकडे तसंच. पाकीट आधी बंद, मग कापलेलं. पाकिटाच्या क्लोजअपनंतरच्या फ्रेममध्ये ते परत शिवलेलं दिसलं तर पहिल्यांदा क्लायंटलाच दिसेल, त्याचा माल आहे तो.

चहाबिस्कीट_वांद्रे

पाकीट जनरेट करूच नका. त्यावरची देवनागरी बहुतेक वेळा अगम्य येते, आणि क्लायंट बाकी काही न बघता तेवढंच बघतो. कोऱ्या लाल पाकिटाची जागा सोडा आणि खरा पॅक शॉट वरून चिकटवा.

बोरिवली_फास्ट

बरं, सीड नाही तर नाही. पण दहा फ्रेम्ससाठी एवढं करण्यापेक्षा दोघींचं लोरा, म्हणजे तेच चेहरे शिकवलेली मॉडेलची छोटी पुरवणी, ट्रेन केलं तर? मग संदर्भचित्र जोडायची भानगडच नको.

कंटिन्युटीवाली

मालिका असेल तर जरूर करा, तिथे कष्ट वसूल होतात. इथे ट्रेनिंगला आधी एकाच बाईची वेगवेगळ्या कोनांतून बरीच चित्रं लागतील, आणि ती सारखी येत नाहीत हाच तर मूळ प्रश्न आहे. आणि लोरा बाई सांभाळेल, खोली कोण सांभाळणार?

पेन्सिल४बी

खोलीसाठी दुसरा उपाय आहे, फोटो काढायला मिळाला नाही तर. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ठोकळे मांड. ओटा एक ठोकळा, मांडणी एक, दाराचं भोक, माणसांच्या जागी दोन लांबट ठोकळे. कॅमेरे नकाशाप्रमाणे ठेव, डेप्थ, म्हणजे काय किती लांब आहे ते दाखवणारं चित्र, काढ आणि कंट्रोलनेटला दे, ते मॉडेलला त्याच मांडणीला धरून काढायला लावतं. मग मांडणी भलत्या भिंतीवर जायचा प्रश्नच उरत नाही. माझी पेन्सिलची थंबनेल पण कंट्रोलनेटच्याच स्क्रिबलमध्ये टाकून बघितली, कबूल करायला जिवावर येतं पण चौकट पाळतं ते.

लालबागची_पोर

खोलीवाल्या काकूंना फोन केला, रविवारी दुपारी या म्हणाल्या, तेव्हा दोन्ही बाजूंनी फोटो काढते. तोवर सध्या ब चा प्रॉम्प्ट खिडकीशिवाय टाकून बघितला, दार आलं आणि मांडणी उजवीकडे आली! क्लोजअप पण आला, पण सासू सरळ कॅमेऱ्यात बघतेय, `looking toward frame left` ऐकतच नाही.

कंटिन्युटीवाली

नजर फार हट्टी असते, संदर्भचित्र समोरून असलं की तिथलीच नजर येते. सासूचं अजून एक चित्र पाऊण चेहऱ्याचं करून ठेव, डावीकडे वळलेलं, आणि क्लोजअपला ते जोड. सुनेचं उजवीकडे वळलेलं.

चहाबिस्कीट_वांद्रे

आणि शेवटच्या फ्रेमला दोघी जमिनीवर बसून जेवतायत की टेबलावर? दहा बाय बाराच्या खोलीत टेबल आलं तर पहिल्या फ्रेमपासून ते कुठे होतं?

लालबागची_पोर

डायरेक्टर म्हणतोय टेबल. मी म्हणतेय जमीन. सध्या भांडण चालू आहे.

पेन्सिल४बी

जमिनीवर असतील तर कॅमेरा खाली येईल, आणि छातीच्या उंचीवरचे तुझे दोन्ही मास्टर त्या फ्रेमला चालणार नाहीत. रविवारी गेलीस की खाली बसून तिसरा फोटो काढच, टेबलवाला जिंकला तरी.